विलीनीकरणाआधी ग्राहकांना ‘दर तेच राहतील’ असं लिहून द्यावं का?

प्रश्न: नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमची जनरेटर सर्व्हिसिंगची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. सोसायट्या, हॉस्पिटलं, छोटे कारखाने मिळून दीडशेच्या आसपास एएमसी आहेत. पुण्याच्या एका कंपनीत आम्ही विलीन होत आहोत. अर्ज दाखल झालाय, आदेश यायचाय. ग्राहक काळजीने फोन करतात. आमच्याकडे पत्र तयार आहे: ‘१ एप्रिलपासून आपण एका मोठ्या कुटुंबाचा भाग झाला आहात. आपली सेवा, आपला इंजिनिअर आणि आपले दर, सर्व काही तसंच राहील.’ आमची एएमसी वर्षाला २४ हजारांची, त्यांची ३१ हजारांची. हे पत्र पाठवावं का?

उत्तर: ग्राहकांना पत्र जरूर पाठवा, पण हे नको. त्यातलं पहिलं वाक्य वस्तुस्थितीला धरून नाही आणि शेवटचं वाक्य तुम्ही पाळू शकाल याची खात्री नाही.

१ एप्रिल ही तुमच्या योजनेतली ‘अपॉइंटेड डेट’ असणार. हिशेबासाठी विलीनीकरण कोणत्या दिवसापासून धरायचं, हे ती तारीख ठरवते. पण आदेश होऊन त्याची प्रत कंपनी निबंधकाकडे दाखल होत नाही, तोवर तुमची कंपनी स्वतंत्रपणे उभी आहे. आजही सोसायटीचा करार तुमच्याशीच आहे आणि बिलही तुमच्याच नावाने जातं. अशा वेळी ‘आम्ही एकत्र झालो’ असं लिहिलंत, तर उद्या एखादा जनरेटर बंद पडल्यावर जबाबदार कोण, यावरून तुमच्याच पत्राच्या आधारे वाद घालता येईल. शिवाय दोन्ही कंपन्या एकाच धंद्यात आहेत. आदेशापूर्वी दोघांनी मिळून दर ठरवले किंवा ग्राहक वाटून घेतले, तर स्पर्धा कायद्याच्या कलम ३ खाली ते आक्षेपार्ह ठरू शकतं. म्हणून आत्ताच्या पत्रात त्यांच्या दरांचा उल्लेखही करू नका.

आता दरांचं पाहू. तुमच्या मनातला गोंधळ खरा इथे आहे. चालू करारांचे दर तेच राहणार, हे सांगण्यात तुम्ही ग्राहकाला जास्तीचं काहीच देत नाही. विलीनीकरणाने तुमची देणी आणि करारातल्या जबाबदाऱ्या पुण्याच्या कंपनीकडे जातात, आणि ठरलेला दर एका बाजूने बदलता येत नाही. समजा एखाद्या सोसायटीची एएमसी १ जुलै ते ३० जून अशी आहे. तिने २४,००० रुपये आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी मिळून २८,३२० रुपये आगाऊ भरले. वर्षात चार व्हिजिट ठरल्या आहेत, दोन झाल्या आणि मग विलीनीकरण लागू झालं. उरलेल्या दोन व्हिजिट पुण्याच्या कंपनीला त्याच पैशांत द्याव्या लागतील. ‘आमचा दर ३१ हजार आहे, फरक भरा’ असं तिला म्हणता येणार नाही. हे ग्राहकाला स्पष्ट सांगा. त्याला नेमकी हीच धास्ती असते.

प्रश्न नूतनीकरणाचा आहे. ‘दर तसेच राहतील’ या वाक्याला मुदतच नाही. सोसायटीच्या सेक्रेटरीने ते वाचून दुसरं कोटेशन न मागवता तुमच्याकडेच नूतनीकरण केलं, तर त्या आश्वासनावर विसंबून करार केला असं म्हणायला तो मोकळा आहे. दीडशे ग्राहकांमागे सात हजारांचा फरक म्हणजे वर्षाला साडेदहा लाख रुपये. तुमची कंपनी तेव्हा विसर्जित झालेली असेल, म्हणजे तुम्ही दिलेल्या शब्दाचा भार दुसऱ्याच कंपनीवर पडेल. तुमच्या विलीनीकरणाच्या करारात किंवा योजनेत बहुधा असं कलम असेल की, लागू होईपर्यंत नेहमीच्या व्यवहाराबाहेरचं नवं दायित्व त्यांच्या लेखी संमतीशिवाय घ्यायचं नाही. ते आधी उघडून वाचा. दराचं वाक्य पुण्याच्या संचालकांनी लेखी मान्य केल्याशिवाय पत्र बाहेर पडू देऊ नका.

‘एक वर्ष दर वाढणार नाहीत’ असं लिहिलं तरी अडचण तशीच राहते. वर्ष कधीपासून मोजायचं? ज्याचा करार ३१ ऑक्टोबरला संपतो, तो नूतनीकरणाचं पूर्ण वर्ष धरेल. तुम्ही पत्राच्या तारखेपासून मोजाल. आणि संदिग्ध शब्दांचा अर्थ न्यायालयं सहसा ते लिहिणाऱ्याच्या विरुद्ध लावतात. त्याऐवजी माझ्या मते असं लिहावं:

‘आपला चालू करार त्यात नमूद केलेल्या शेवटच्या तारखेपर्यंत त्याच दरात आणि त्याच अटींवर पूर्ण केला जाईल. त्यानंतरच्या नूतनीकरणाचा दर मुदत संपण्याच्या किमान ४५ दिवस आधी लेखी कळवला जाईल. सुटे भाग आणि कर करारात ठरल्याप्रमाणे वेगळे आकारले जातील.’

नूतनीकरणातही सूट द्यायचं दोघांचं ठरलंच, तर ती ‘अमुक तारखेपर्यंत संपणाऱ्या करारांचं एक नूतनीकरण’ अशी बांधून द्या. सुट्या भागांचा उल्लेख मुद्दाम ठेवला आहे. तुमची एएमसी मजुरीपुरती असेल आणि ऑइल, फिल्टर, बेल्टचे पैसे वेगळे असतील, तर ‘दर तेच’ म्हणजे फिल्टरचीही किंमत तीच, असा समज ग्राहक करून घेतो. नंतरची भांडणं बहुतेक याच्यावरून होतात.

‘आपला इंजिनिअर तोच’ हे वाक्य काढून टाका. तो माणूस दोन महिन्यांत नोकरी सोडू शकतो. त्याचा शब्द तुम्ही देऊ शकत नाही. तक्रारीचा फोन नंबर, ईमेल आणि करारातली प्रतिसादाची मुदत मात्र टिकवता येते. हॉस्पिटलच्या करारात चार तासांत माणूस पाठवायचा असेल, तर ‘चार तास’ असं आकड्यातच लिहा. जुना नंबर किमान चालू करार संपेपर्यंत बंद होणार नाही, हे पुण्याच्या कंपनीकडून पक्कं करून घ्या.

पत्र सगळ्यांना एकच जाऊ नये. हॉस्पिटल आणि कारखान्यांचे करार काढून त्यात ‘पूर्वसंमतीशिवाय करार दुसऱ्याकडे हस्तांतरित करता येणार नाही’ असं कलम आहे का ते पाहा. आदेशाने सगळं आपोआप जातं, असं समजून गाफील राहू नका. जनरल रेडिओ विरुद्ध एम. ए. खादर या १९८६ च्या निकालात भाडेकरू कंपनी न्यायालयाच्या मंजुरीने दुसऱ्या कंपनीत विलीन झाली होती. तरीही विलीनीकरणाची मागणी कंपनीनेच केली होती, म्हणून तो भाडेहक्काचा हस्तांतर ठरला आणि जागा गेली. तो वाद भाडे कायद्यातला होता, एएमसीचा नव्हे, पण अशा कलमाकडे दुर्लक्ष करण्याची जोखीम त्यातून दिसते. या ग्राहकांना साधं कळवणं पुरणार नाही. त्यांच्याकडून सहीशिक्क्याची संमती आधीच मागवा. कुठे परफॉर्मन्स बँक गॅरंटी दिली असेल, तर ती कोणाच्या नावाने पुढे चालेल, हे बँकेशी आत्ताच बोला.

दुसरं पत्र आदेश निबंधकाकडे दाखल झाल्यावर, पुण्याच्या कंपनीच्या लेटरहेडवर जाईल. त्यात तिचं नाव, सीआयएन आणि नोंदणीकृत पत्ता असला पाहिजे, आणि ‘पूर्वीची अमुक कंपनी’ असंही लिहा म्हणजे सेक्रेटरीला ओळख पटेल. कोणत्या तारखेपासून बिलावर कोणता जीएसटी क्रमांक आणि पॅन येईल, ते सांगा. तारीख तुमच्या सीएकडून घ्या. कारखान्याने जुना पॅन धरून टीडीएस कापला, तर तो पैसा विसर्जित कंपनीच्या नावावर अडकेल आणि सोडवताना दोघांचीही दमछाक होईल. बँक खातं बदलणार असेल तर नवा खाते क्रमांक ईमेलने पाठवू नका. अशा बातम्या बाहेर आल्या की खोट्या ईमेल पाठवणारे संधी साधतात. खात्याचा बदल फक्त संचालकांच्या सहीच्या छापील पत्राने कळवला जाईल, आणि पैसे भरण्यापूर्वी ग्राहकाने आमच्या जुन्या नंबरवर फोन करून खात्री करावी, हे वाक्य पहिल्याच पत्रात घाला.