द्राक्षबागायतदाराला मुलाखतीसाठी पत्र लिहिताना

तुझ्या पत्राचा मसुदा वाचला. नाशिककडच्या द्राक्षबागायतदाराला तू ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यातली वेळ मागितली आहेस, आणि नेमकी तीच आधी बदलायला हवी. ऑक्टोबरमधल्या फळछाटणीनंतरचे सुमारे दीड-दोन महिने बागेत सर्वांत धावपळीचे असतात. पाऊस किंवा दव पडले की डावणी या बुरशीजन्य रोगाच्या भीतीने फवारणीचे वेळापत्रक त्याच दिवशी बदलते, त्यामुळे आधी ठरवलेली वेळ पाळणे त्यांना जमत नाही. त्याऐवजी ऑगस्टमधली भेट माग, दोन पर्यायी दिवस सुचव आणि ‘आपल्याला सोयीचे असल्यास बागेतच, अर्धा तास’ असे स्पष्ट लिही.

‘शेतीविषयी माहिती हवी’ या वाक्यावरून त्यांना काहीच तयारी करता येणार नाही. त्याऐवजी, ‘एप्रिलमध्ये खरडछाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, अशी वर्षातून दोनदा छाटणी का करावी लागते, हे मला आपल्याकडून समजून घ्यायचे आहे’ असे लिही. उत्पन्न आणि कर्ज यांविषयीचे प्रश्न पत्रात नकोत. असे पत्र बहुधा अनुत्तरितच राहते. छायाचित्रे व ध्वनिमुद्रणाची परवानगी मात्र पत्रातच माग. शेवटी वर्गशिक्षकांची सही घे आणि पत्र शक्यतो स्वतः नेऊन दे.