वजनाच्या वहीत ‘भार’ नको, ‘वाटा’ लिहा

*‘एक्स्पोनेन्शियली वेटेड मूव्हिंग ॲव्हरेज’ला मराठीत काय म्हणायचं? ‘घातांकी भारित चल सरासरी’ हे बरोबर असेल, पण सोलापुरात अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात हे शिकवायचंय. तिथे आधीच टॉवेलचं वजन, त्यात पुन्हा ‘वजनाला वजन’! सोपा शब्द आहे का? आणि ‘घातांकी’ म्हणजे नेमकं काय होतं त्यात?*

अहवालात ‘घातांकी भारित चल सरासरी’ राहू द्या. मागाजवळच्या वहीत ‘सरकती सरासरी’ लिहा आणि ‘भार’ऐवजी ‘वाटा’ म्हणा. नव्या मोजमापाचा वाटा किती आणि आधीच्या सरासरीचा किती, एवढाच हिशेब त्यात असतो. तुमच्याकडे वजन हे ग्रॅमचं नाव असल्यामुळे ‘वाटा’ म्हटलं की गोंधळच उरत नाही.

‘घातांकी’ या शब्दाने मात्र थोडी दिशाभूल होते, कारण तो ऐकला की भराभर वाढणारं काहीतरी डोळ्यापुढे येतं. इथे वाटा भराभर घटत जातो. नव्या मोजमापाला ०.२ वाटा दिला, तर त्याच्या आधीच्याला ०.१६ मिळतो, त्याच्या आधीच्याला ०.१२८, म्हणजे दर पायरीला मागच्याच्या चार पंचमांश. शाळेतली भूमिती श्रेढी ती हीच. एस. डब्ल्यू. रॉबर्ट्स यांनी १९५९ साली गुणवत्ता-नियंत्रणासाठी ही पद्धत मांडली, तेव्हा नावही ‘जॉमेट्रिक मूव्हिंग ॲव्हरेज’ असंच दिलं होतं. माझ्या मते ते नाव जास्त प्रामाणिक होतं. ०.२ वाट्याला ताज्या दहा मोजमापांकडे मिळून सुमारे ८९ टक्के वाटा जातो. जुनी मोजमापं पूर्ण पुसली कधीच जात नाहीत, पण त्यांचा आवाज उरत नाही.

गंमत म्हणजे ही लांबलचक श्रेढी कुठे लिहून ठेवावी लागत नाही. कालची सरासरी आणि आजचं मोजमाप, एवढे दोन आकडे पुरतात. स्प्रेडशीटमध्ये `B` स्तंभात `B3`पासून वजनं आणि `C` स्तंभात सरासरी ठेवली, तर `C2`मध्ये सुरुवातीचा आकडा टाकायचा, `C3`मध्ये पुढचं सूत्र लिहायचं आणि खाली ओढायचं:

```
=0.2*B3+0.8*C2
```

आता हे टॉवेलवर चालवून बघू. ७५ बाय १५० सेंटिमीटरचा ४०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ४०० ग्रॅमचा टॉवेल ४५० ग्रॅम भरायला हवा. समजा एका मागावर सगळं ठीक असतानाही सुट्या टॉवेलांच्या वजनाचं प्रमाण विचलन ६ ग्रॅम आहे. सुटा टॉवेल तपासायचा म्हटलं तर रूढ तीन-विचलनांची मर्यादा ४३२ ते ४६८ अशी फारच ऐसपैस होते. सरासरीचं विचलन त्यापेक्षा कमी असतं: वाटा भागिले (२ वजा वाटा), त्याचं वर्गमूळ, गुणिले सुटं विचलन. ०.२ साठी ०.२ भागिले १.८ म्हणजे एक नवमांश, त्याचं वर्गमूळ एक तृतीयांश, म्हणून २ ग्रॅम. तेव्हा सरासरीची मर्यादा ४४४ ते ४५६. पहिल्या काही नोंदींना काटेकोर मर्यादा याहूनही अरुंद निघते, पण दहाएक नोंदींनंतर तो फरक नगण्य असतो.

सरासरी ४५० वर स्थिर आहे आणि पुढची वजनं ४५६, ४४७, ४४४, ४५१ आली. सरासरी अनुक्रमे ४५१.२, ४५०.४, ४४९.१, ४४९.५ होते, काळजीचं काही नाही. मग ४४१, ४३९, ४४३, ४४०, ४४१ येतात. यातला एकही टॉवेल ४३२ च्या खाली नाही, सुटा तपासणारा सगळे पास करील. सरासरी मात्र ४४७.८, ४४६.०, ४४५.४, ४४४.३ अशी उतरत पाचव्याला ४४३.७ वर येते आणि रेघ ओलांडते.

अशा वेळी पाइलच्या बीमकडे, म्हणजे लूपचं सूत गुंडाळलेल्या रुळाकडे बघावं. दोर-वजनाचा ब्रेक असेल, तर सूत संपत बीमचा व्यास कमी होतो तसा ताण वाढत जातो; ब्रेकची वजनं वेळेवर सरकवली नाहीत की लूप आखूड पडतात आणि टॉवेल हलका होतो. हा बदल एका झटक्यात होत नाही, हळूहळू होतो, आणि तिथे सरासरी मागे पडते. टॉवेल दर नगामागे अर्धा ग्रॅम सतत उतरत असेल, तर ०.२ वाट्याची सरासरी खऱ्या पातळीपेक्षा कायम २ ग्रॅम वर दिसेल: ०.८ भागिले ०.२ म्हणजे ४, गुणिले अर्धा. वाटा ०.५ केला तर हे मागे पडणं अर्ध्या ग्रॅमवर येतं, पण सरासरीचं विचलन ३.५ ग्रॅमच्या आसपास जातं आणि मर्यादा रुंद करावी लागते. वाटा लहान ठेवला की सरासरी शांत पण सुस्त, मोठा ठेवला की चपळ पण चंचल. दोन्ही एकदम मिळत नाही. बीमसारख्या सावकाश बिघाडाला ०.१ ते ०.२५ मधला वाटा ठीक बसतो.

सुरुवातीचा आकडा शून्य ठेवणं ही स्प्रेडशीटवाल्यांची नेहमीची चूक. पहिली सरासरी ९० ग्रॅम येते, आणि वीस टॉवेल झाल्यावरही ती सुमारे ५ ग्रॅम कमीच असते. `C2`मध्ये ४५० घाला.

दुसरी चूक जास्त महागात पडते. माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरने ब्रेक नीट केला, पुढचे टॉवेल ४५० चे येऊ लागले, तरी सरासरी ४४३.७ वरून चढायला वेळ घेते. पहिल्या टॉवेलला ४४५, तिसऱ्याला ४४६.८. हा आकडा पाहून कोणी ब्रेक पुन्हा सैल केला की पुढचा लॉट जड निघतो आणि सूत वाया जातं. म्हणून दुरुस्ती केली की वहीत आडवी रेघ मारायची आणि सरासरी पुन्हा ४५० पासून सुरू करायची.

आणि एक गोष्ट ही सरासरी ओळखू शकत नाही: हवा. कापसातली आर्द्रता प्रमाण हवेत कोरड्या वजनाच्या ८.५ टक्के धरतात. सोलापूरच्या उन्हाळ्यात शेडमध्ये फवारे बंद असतील आणि ती ५.५ वर आली, तर तोच ४५० ग्रॅमचा टॉवेल साडेबारा ग्रॅमच्या आसपास हलका भरतो. माग निर्दोष, पण सरासरी रेघेच्या खाली. ओळखायची खूण सोपी आहे: सगळ्या मागांच्या सरासऱ्या एकदम उतरल्या तर आर्द्रता तपासा, एकाच मागाची उतरली तर बीम. त्यासाठी वहीत प्रत्येक मागाला स्वतंत्र रकाना हवा. सगळ्या मागांचे टॉवेल एकाच सरासरीत ओतले तर हा फरक कळायची सोयच राहत नाही.