डिसेंबरमधला साखरपुडा, भर दुपारचं ऊन आणि सहाचा सूर्यास्त

प्रश्न : मामेबहिणीचा साखरपुडा डिसेंबरात आहे. साडेबाराला शनिवारवाड्यासमोर आणि संध्याकाळी टेकडीवर दोघांचे फोटो काढायचे आहेत, जबाबदारी माझ्यावर. दुपारी डोळ्यांखाली काळं पडतं, पैठणीची जर पांढरी फटक दिसते. संध्याकाळी सूर्य मागे घेतला की चेहरे काळे. फोनवर AE/AF LOCK येतं, ते नक्की कधी वापरायचं?

उत्तर : महिना डिसेंबरचा आहे, ही तुमची निम्मी लढाई जिंकल्यासारखी आहे. हाच कार्यक्रम मेमध्ये असता तर मी जागाच बदलायला सांगितली असती.

कारण सांगतो. पुणे साधारण साडेअठरा अक्षांशावर आहे. मेच्या मध्यावर, म्हणजे शून्य सावलीच्या दिवसांत, सूर्य बरोबर डोक्यावर येतो. तेव्हा भुवया आणि नाकाची सावली सरळ खाली पडते आणि माणूस चार रात्री झोपला नसल्यासारखा दिसतो. डिसेंबरात मात्र भर दुपारीही सूर्य दक्षिणेला कललेला असतो, क्षितिजापासून साधारण ४८-४९ अंशांवर. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा उत्तरेकडे तोंड करून आहे. म्हणजे तुमच्या वेळेला दरवाजा आणि तटाची सावली समोरच्या फरसबंदीवर पडलेली असेल, भिंतीच्या उंचीपेक्षा जरा कमी लांबीची. तुमचा स्टुडिओ तोच.

दोघांना त्या सावलीत उभं करा, पण पार भिंतीला चिकटवू नका. सावलीची कड जिथे संपते तिथून दोन-तीन फूट आत, तोंड बाहेर उत्तरेकडे. समोरचं मोकळं आभाळ आणि उन्हात तापलेली फरशी त्यांच्या चेहऱ्यावर मऊ उजेड टाकतात. कडेपासून जितकं आत जाल तितका हा उजेड कमी होतो. जागा नक्की करण्याआधी स्वतःची मूठ चेहऱ्याच्या उंचीवर धरा आणि जागेवरच हळूहळू गोल फिरा. बोटांच्या पेरांखाली काळी रेघ दिसली तर तशीच रेघ डोळ्यांखालीही येणार. ती विरघळली की तिथेच थांबा. नवरीला पाच वेळा इकडेतिकडे सरकवण्यापेक्षा हे बरं, शिवाय मामी वैतागत नाहीत.

इथे दोन गोष्टी बिघडतात. पहिली म्हणजे चौकटीत ऊन शिरणं. भर उन्हातला उजेड मोकळ्या सावलीपेक्षा ढोबळमानाने आठपट असतो, म्हणून चेहरा सावलीत आणि मागे उन्हातला रस्ता असेल तर रस्ता पांढराच होणार. त्याला कुठलंही सेटिंग पुरत नाही. दरवाजाची जागा यासाठीच चांगली, कारण मागचं लाकूड आणि दगडही त्याच सावलीत असतात. तिरपं उभं राहून कोपऱ्यात उन्हाचा तुकडा घेऊ नका. झाडाखालची सावलीही टाळा. पानांतून आलेल्या उन्हाच्या टिकल्या गालावर पडतात, आणि खाली हिरवळ असेल तर हनुवटीखालचा रंग हिरवट होतो.

दुसरी गोष्ट तुमच्या लॉकची. कॅमेरा चौकटीतल्या उजेडाची सरासरी मध्यम करड्या छटेकडे ओढतो. दरवाजा गडद आहे, त्याला वाटतं अंधार आहे, म्हणून तो उजेड वाढवतो आणि चेहरे धुतल्यासारखे पांढरे होतात. जरीचंही तेच होतं. आपण मात्र उन्हाला शिव्या देत बसतो. म्हणून जिथून फोटो काढायचा तिथेच उभं राहून नवरीच्या गालावर बोट दाबून धरा. AE/AF LOCK दिसलं की बोट उचला आणि शेजारचं सूर्याचं चिन्ह किंचित खाली ओढा. जवळ जाऊन लॉक करून मागे येऊ नका, कारण उजेडाबरोबर फोकसही तिथेच अडकतो. पोर्ट्रेटच्या लेन्सवर हे लगेच दिसतं. कॅमेरा असेल तर AE-L किंवा * चं बटण बघा. त्यावर फक्त उजेड लॉक होईल असं ठेवलं असेल तर जवळ जाऊन मोजलं तरी चालतं.

किती खाली ओढायचं हे अंदाजाने नको. पहिला फोटो काढून पदरावरच्या मोरावर झूम करा. जरीची वीण दिसली पाहिजे. सपाट पिवळा-पांढरा पत्रा दिसत असेल तर अजून खाली या. स्क्रीनवर फोटो नुसता बघून ठरवू नका, उन्हात फोन आपली स्क्रीन स्वतःच भगभगीत करतो आणि सगळंच छान वाटतं.

एक विसरू नका. ते दोघं सावलीत असले तरी तुम्ही दक्षिणेकडे तोंड करून उभे असणार, म्हणजे ऊन थेट लेन्सवर. फोटो धुरकट येतो. आधी लेन्स पुसा (फोनच्या लेन्सवर कायम बोटांचं तेल असतं) आणि दुसऱ्या हाताने वरून आडोसा धरा, हात चौकटीत येऊ न देता.

आता संध्याकाळ. ‘गोल्डन अवर’ या नावाला फसू नका, आपल्याकडे तो जेमतेम अर्धा तास असतो. सूर्य क्षितिजावर सहा अंशांच्या खाली आला की रंग सुरू होतो, आणि आपल्या अक्षांशावर तो भराभर उतरतो. डिसेंबरच्या सुरुवातीला पुण्यात सूर्यास्त सहाच्या आसपास आहे, म्हणजे साडेपाचला तुम्ही कॅमेरा काढून तयार हवेत. पश्चिमेला दुसरी टेकडी आडवी असेल तर सूर्य वेळेच्या पाच-दहा मिनिटं आधीच जातो. आदल्या दिवशी त्याच वेळी एकदा जाऊन बघा.

सूर्य बरोबर मागे न घेता थोडा बाजूला घ्या, म्हणजे केसांना सोनेरी कड येते आणि एका गालावर थोडा उजेड राहतो. अगदी मागेच हवा असेल तर त्याला नवऱ्याच्या डोक्याआड लपवा. लॉक पुन्हा चेहऱ्यावरच, आणि आकाशाचा रंग परत येईपर्यंत सूर्याचं चिन्ह खाली ओढा. चेहरा जरा गडद राहिला तरी चालेल. तो नंतर उजळता येतो, पांढरं झालेलं आकाश परत येत नाही. चेहऱ्यावर उजेड परतावा म्हणून एकाला समोर, चौकटीबाहेर, पांढरी चादर धरून उभं करा. आमच्या घरात हे काम धाकट्या भाच्याकडे असतं आणि तो दर दोन मिनिटांनी चादर डोक्यावर घेतो.

दुपारसारखा संध्याकाळीही लॉक अर्धा तास टिकेल असं समजू नका. पावणेसहानंतर उजेड मिनिटामिनिटाला उतरतो. मी एकदा चुलतभावाच्या केळवणानंतर टेकडीवर साडेपाचला लॉक केला आणि बोलण्याच्या नादात सहापर्यंत तसाच ठेवला. पहिले दहा फोटो सुरेख, पुढचे वीस एकेक पायरी काळे, आणि शेवटच्यात वहिनी आहे की झाड आहे ते कळत नाही. दर दोन-तीन मिनिटांनी स्क्रीनवर दुसरीकडे टिचकी मारून लॉक सोडा आणि चेहऱ्यावर नव्याने धरा.

कॅमेऱ्यावर व्हाइट बॅलन्स ऑटोवर नको, सूर्यप्रकाशाच्या खुणेवर ठेवा. ऑटो त्या सोनेरी रंगालाच चूक समजून निळा करून टाकतो.

सूर्य बुडाल्यावर लगेच सामान आवरू नका. पुढची दहा मिनिटं दोघांना पश्चिमेकडे तोंड करून उभं करा. सावल्या नसतात, डोळे मिचकावावे लागत नाहीत, जर चमकते पण जळत नाही. आजी-आजोबांना त्याच वेळेला बोलवा, फक्त परतताना टेकडीवरून उतरायला टॉर्च हाताशी ठेवा.