किणी टोल गेला की गप्पा संपतात

"मॅडम, दर महिन्याला कोल्हापूरहून पुण्याला माहेरी जातो, कारने. किणी टोलपर्यंत बोलणं होतं, मग मी मोबाईलमध्ये आणि हे गाडी चालवण्यात. दोघांनी खेळायचा एखादा गेम सांगा, पण भांडण नको."

भांडणाचं लिहिलंत ते बरं केलंत, कारण माझ्याकडं आलेलं एक जोडपं गेम खेळूनच भांडलेलं. (ओळख कळू नये म्हणून तपशील बदललेत.) लग्नाला अकरा वर्षं. तिनं 'नवरा तुम्हाला किती ओळखतो' टाइप प्रश्न काढले, पहिल्या भेटीत मी कुठला ड्रेस घातलेला वगैरे. तीन उत्तरं चुकली, चौथ्याला तो म्हणाला, "पेपरला बसवलंयस काय मला?" कराड ते खंबाटकी गाडीत चिडीचूप.

यात एकजण मास्तर होतो न् एकजण पोरगं, आणि उत्तर चुकलं की समोरच्याला वाटतं याला माझं काहीच पडलेलं नाही. म्हणून मी त्यांना 'दोन खरं, एक थाप' दिला. आपल्याच लग्नाआधीच्या तीन गोष्टी सांगायच्या, त्यातली एक खोटी, समोरच्यानं ती ओळखायची. चुकला तरी बिघडत नाही, उलट मजा चुकण्यातच आहे. नियम एकच, उत्तर कळल्यावर त्याच गोष्टीवर दोन प्रश्न विचारायचे आणि सल्ला द्यायचा नाही.

पुढच्या फेरीत ती म्हणाली, मी रंकाळ्यावर सायकलसकट पडलेले, शाळेत कबड्डी खेळायचे, आणि बारावीचा निकाल दोन दिवस घरी लपवलेला. त्याला निकालाची थाप वाटली, निघाली कबड्डीची. "अगं त्यात काय एवढं" त्याच्या अगदी ओठावर आलेलं, पण नियम आठवला म्हणून विचारलं, "पहिल्यांदा कुणाला सांगितलंस?" आजीला. आजी भाकरी थापत होती, हात न थांबवता म्हणाली, परत बस परीक्षेला. अकरा वर्षांत हे त्याला माहीतच नव्हतं, आणि बोलण्याच्या नादात पेठ नाक्याचा चहा राहिला.

पण सुरुवात हलकीच करा. आर्थर अ‍ॅरन या मानसशास्त्रज्ञाच्या १९९७ च्या प्रयोगात अनोळखी लोकांना ३६ प्रश्न दिलेले, तेसुद्धा तीन टप्प्यांत, आधी सोपे आणि खोलातले शेवटी. आपल्या हायवेवर नंबरप्लेटवरनं सुरू करा, एमएच १० दिसली की सांगलीच्या माणसाचा एक किस्सा, ११ ला साताऱ्याचा, ०८ ला रत्नागिरीचा. प्लेट शोधायचं काम तुमचं, ह्यांनी नजर रस्त्यावरच ठेवायची.

कर्ज, सासू, दुसरं मूल हे विषय गाडीत काढू नका, मधेच उठून जायची सोय नसते आणि चालवणाऱ्याचं लक्ष उडतं. उत्तरं हं-हूं वर आली किंवा गाडीचा स्पीड वाढला तर तिथंच गेम बंद करून गाणी लावा. कोयना एक्सप्रेसनं गेलात तर समोरचे प्रवासी कान देऊन ऐकत असतात, तिथं तीन गोष्टी चिठ्ठीवर लिहून पुढं सरकवा.

आणि पहिली थाप ह्यांना मारू द्या.