ग्लोव्ह्ज घालूनही पार्लरमधल्या कामाने हात का फुटतात?

"मी सलूनमध्ये हेअर असिस्टंट आहे, दिवसभर हेअर वॉश आणि कलर. बोटांच्या बेचक्यात खाज, भेगा, कधी कधी रक्तपण येतं. ग्लोव्ह्ज घालते तरी कमी होत नाही. काम सोडावं लागेल का?"

लगेच काम सोडू नका. मी स्किनचा डॉक्टर आहे, पार्लरवाल्या मुली, हाउसकीपिंगच्या मावश्या, गॅरेजवाली पोरं असे हात रोज बघतो. नव्याने कामाला लागलेल्यांत बहुतेकदा ॲलर्जी नसतेच, पाणी आणि शाम्पूने कातडीवरचं तेल धुतलं जातं आणि ते परत तयार व्हायच्या आत पुढचं डोकं बेसिनवर आलेलं असतं. याला इरिटंट डर्माटायटिस म्हणतात. सुरुवात बेचक्यात आणि अंगठीखाली होते कारण तिथे शाम्पू अडकून राहतो. म्हणून पहिलं काम, अंगठी घरी ठेवून यायची.

आता ग्लोव्ह्जचं. जर्मनीत वेट वर्कचा नियम आहे, दिवसात 2 तासांपेक्षा जास्त वेळ हात ओले राहिले तर ते वेट वर्क, आणि गंमत म्हणजे 2022 पर्यंत हवाबंद ग्लोव्ह्ज 2 तासांपेक्षा जास्त घातले तरी ते वेट वर्कच धरायचे, कारण आत घाम साचतो आणि कातडी भिजलेलीच राहते. त्यामुळे सकाळी घातले ते संध्याकाळी काढले असं करू नका. वॉश, कलर, केमिकल एवढ्यालाच घाला, ब्लो ड्राय आणि सुक्या कटला काढा, जास्त वेळ घालायचे असतील तर आत पातळ सुती ग्लोव्ह्ज घाला आणि ते ओले झाले की बदला. हात आधी पूर्ण कोरडे हवेत. ग्लोव्ह्ज नायट्राइलचे घ्या, मनगटाच्या वर येणारे, नाहीतर पाणी वरून आत शिरतं. आणि डिस्पोजेबल ग्लोव्ह्ज धुऊन, उलटे करून परत वापरायचे हे सलूनमध्ये सर्रास चालतं ते बंद, बाहेरचा कलर मग थेट तुमच्या कातडीला लागतो.

माझ्याकडे आलेली एक मुलगी अगदी तुमच्यासारखीच होती. आठवड्याच्या सुट्टीला हात बरे, कामावर गेली की परत तेच, म्हणजे इरिटंटकडे झुकणारं. पण नंतर पापण्या सुजायला लागल्या आणि कलर केल्यावर दुसऱ्या दिवशी हात जास्त पेटायचे. तेव्हा ॲलर्जी कशाची ते शोधणारी पॅच टेस्ट केली. पाठीवर पट्ट्या 48 तास ठेवतात, काढल्यावर एकदा आणि नंतर एक-दोन दिवसांनी परत बघतात. तिची पीपीडीला पॉझिटिव्ह आली, हे काळ्या डायमधलं केमिकल, काळ्या मेंदीतही घालतात. पाण्याने त्वचा आधीच फाटली होती, त्यातून ॲलर्जीला वाट मिळाली, हे असंच होतं बऱ्याचदा. ही ॲलर्जी सहसा जात नाही, त्यामुळे तिने डायला हात लावणं सोडलं. सलूनने कामं वाटून घेतली, ती कट आणि स्टायलिंग करते.

एक सवय मात्र सगळ्या सलूनने लावून घ्यावी, आधी कट मग कलर. आपल्याकडे उलटं करतात, मग नुकता डाय केलेला केस उघड्या बोटांत धरून कापतात आणि उरलासुरला डाय हाताला लागतो. डेन्मार्कमध्ये हेअरड्रेसिंग शिकणाऱ्या मुलामुलींना हे सगळं शाळेतच शिकवून बघितलं, अभ्यास 2012 मध्ये छापून आला. दीड वर्षात शिकवलेल्यांपैकी शंभरात साधारण 19 जणांना हाताचा एक्झिमा झाला, न शिकवलेल्यांत 28. म्हणजे फरक पडतो, पण जादू नाही.

मॉइश्चरायझर रोज लावलं तर फायदा होतो, हातावर संरक्षक थर बसतो म्हणून विकतात त्या बॅरियर क्रीमवर मात्र मी फार पैसे घालवायला सांगत नाही, ते ग्लोव्ह्जची जागा घेत नाही. बिनवासाचं साधं घट्ट क्रीम कामाआधी, धुतल्यावर आणि झोपताना, रात्री व्हॅसलीनपण चालेल. लोक तळव्याला चोळतात आणि बेचके, नखांच्या कडा, मनगट राहून जातात, जर्मनीतल्या ट्रेनिंगमध्ये चमकणारं क्रीम लावून निळ्या दिव्याखाली राहिलेल्या जागा दाखवतात. आणि हात बरे दिसले म्हणून थांबू नका, आतून कातडी भरून यायला आणखी आठवडे जातात.

गॅरेजवाल्यांचं दुखणं वेगळं, ऑइलपेक्षा ते पेट्रोल, थिनर आणि कपड्यांच्या पावडरने हात घासतात त्यानेच जास्त वाट लागते. सफाईवाल्यांना ॲसिड आणि ब्लीच, तिथे लांब जाड ग्लोव्ह्जच हवेत.

मेडिकलमधून स्टेरॉइड, अँटिफंगल, अँटिबायोटिक एकत्र असलेली ट्यूब आणून लावत असाल तर बंद करा, दोन दिवस आराम वाटतो, मग कातडी पातळ होते आणि निदानही अवघड होतं. आधी तीन-चार आठवडे वर सांगितलं तसं करून बघा. पापण्या, चेहरा, कोपरापर्यंत पसरलं, किंवा सुट्टी घेऊनही बरं होत नसेल तर न थांबता पॅच टेस्ट करणाऱ्या स्किनवाल्याकडे जा आणि जाताना सलूनमधल्या डाय, शाम्पूच्या लेबलचे फोटो काढून न्या.