सहा दिवसांची पावडर आणि रविवारचं न्हाणं

"ताई, केस धुतले की मूठभर हातात येतात, म्हणून मी आठवड्यातून एकदाच न्हाते आणि मधले दिवस ड्राय शाम्पूवर काढते. आता डोकं सारखं खाजतं, भांगाच्या कडेने बारीक फोडही आलेत. पण एक दिवस मारला नाही तर केस चिकट होऊन ऑफिसला जायची लाज वाटते. हा सोडायचा कसा?"

मी बडोद्यात एका त्वचारोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात बसते. डॉक्टर तपासून औषध लिहून देतात, मग 'हे घरी निभवायचं कसं' हा भाग माझ्याकडे येतो. दोन वर्षांपूर्वी दसऱ्यानंतरच्या आठवड्यात दांडिया बाजारातली एक मुलगी आली होती. तिचंच सांगते.

नवरात्रीत ती नऊही रात्री गरब्याला गेली. निघताना मुळांशी ड्राय शाम्पू, रात्री साडेबाराला घरी, घामाने भिजलेले केस वर गुंडाळून तशीच झोप, आणि सकाळी ऑफिसला निघताना पुन्हा फवारा. नऊ दिवसांत न्हाणं एकदाच. आजी रोज म्हणत होती, "अगं, न्हाऊन घे." पण आजीचं कोण ऐकतं!

मी तिचा भांग पाडला, कापसाचा बोळा कोमट पाण्यात बुडवून त्यावरून फिरवला. बोळ्यावर राखाडी, किंचित चिकट थर आला. तिला वाटत होतं हा कोंडा आहे. कोंड्याचा पापुद्रा सुटून खांद्यावर पडतो. हे मात्र नखाने खरवडल्यावर मेणासारखं नखात भरत होतं. तू घरी हे करून बघ. दोन्ही एकत्रही असू शकतं, म्हणून नुसत्या बोळ्यावर निकाल लावू नकोस.

मग मी बशीत चिमूटभर कॉर्नफ्लोअर घेतलं आणि वर तेलाचा थेंब टाकला. पिठाने तेल प्यायलं, बशी कोरडी दिसू लागली. त्यावर पाण्याचे दोन थेंब टाकून बोटाने फिरवलं, तर लगदा झाला. ड्राय शाम्पूच्या डब्यातही असंच पीठ असतं: तांदळाचा, मक्याचा किंवा टॅपिओकाचा स्टार्च, कशात सिलिका, शिवाय अल्कोहोल, सुगंध आणि फवारा उडवणारा गॅस. नावात शाम्पू आहे, पण त्यात धुणं कुठेच नाही. तेल पिठात शिरतं आणि पिठासकट डोक्यावरच राहतं. केस जिथून बाहेर येतो त्याच तोंडातून तेलही येतं. तिथे पावडर, तेल, घाम आणि मेलेली कातडी साचली की खाज सुटते, आपण नखं लावतो, आणि नखाने झालेल्या ओरखड्यातून जंतू शिरले की मुळाशी फोड उठतो. तिच्या भांगात असे सात-आठ होते, दोनांत पू.

ती डबा चार बोटांवर धरून मारायची आणि लगेच वेणी घालायची. मारायचाच असेल तर वीतभर लांबून, कोरड्या केसांवर; दोन मिनिटं थांबून बोटांनी चोळायचा आणि मग ब्रशने झाडून काढायचा. झाडणं सगळेच विसरतात.

पण तिचा खरा प्रश्न डब्याचा नव्हताच, रविवारच्या मुठीचा होता. तुझाही तोच आहे असं मला वाटतं. निरोगी डोक्यावरूनही दिवसाला साधारण ५० ते १०० केस गळतात. सहा दिवस न्हायलं नाही की सुटलेले बरेचसे केस तिथेच अडकून राहतात आणि सातव्या दिवशी एकदम हातात येतात. पाणी त्यांना फक्त वाहून आणतं. हे तिला पटेना, म्हणून मी तिला लग्नाच्या आहेराची उरलेली पाकिटं वापरायला सांगितली. प्रत्येक न्हाण्याचे केस वेगळ्या पाकिटात घालायचे आणि वर वार लिहायचा. पहिल्या रविवारच्या पाकिटात दोनशेच्या वर निघाले. पुढे ती आठवड्यातून तीनदा न्हाऊ लागली, तेव्हा एकेका पाकिटात साठ-सत्तर. तिन्हींची बेरीज जवळपास तेवढीच! तिने ती माझ्यासमोर दोनदा केली.

"रोज धुतलं की तेल जास्त सुटतं" हेही तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं. तेलाच्या ग्रंथी मुख्यतः हार्मोन्सच्या तालावर चालतात. आपण कधी न्हालो, याचा त्यांना पत्ता नसतो. त्यामुळे आठ दिवस न धुता केसांना 'सवय' लावण्याचा जो सल्ला फिरत असतो, त्यावर माझा काडीचा विश्वास नाही.

फोडांत पू होता म्हणून डॉक्टरांनी तिला पंधरा दिवस डबा पूर्ण बंद सांगितला होता. दहाव्या दिवशी ऑफिसात मीटिंग निघाली आणि तिने दुप्पट मारला. तेव्हा आम्ही क्रम उलटा केला: आधी न्हाण्याचे वार वाढवायचे, डब्याचं नंतर बघू.

रविवार, बुधवार, शुक्रवार न्हाणं. पहिल्या न्हाण्याआधी कोरडे केस नीट विंचरून पावडर झाडायची, मग दोन मिनिटं नुसतं कोमट पाणी मुरू द्यायचं. शाम्पू मगातल्या पाण्यात कालवून दोनदा लावायचा, नखांनी न घासता बोटांच्या पेरांनी. आदल्या रात्री तेल नाही, कारण थरावर तेल घातलं की थर आणखी जमतो. (आजी इथे नाराज झाल्या. त्यांना मी टोकांना तेल लावायची परवानगी दिली.) कोंडाही होता, म्हणून डॉक्टरांनी दिलेला औषधी शाम्पू आठवड्यातून दोनदा, सांगितलेली मिनिटं डोक्यावर ठेवून.

डबा फक्त मंगळवारी, म्हणजे न्हाण्याच्या आदल्या दिवशी. आज पावडर पडली तर उद्या ती धुतली गेलीच पाहिजे, एवढा एकच नियम. घामावर कधीच नाही. गुरुवारी आणि शनिवारी कपाळावरच्या बटा तेवढ्या बेसिनवर धुवायच्या, बाकीची वेणी. चिकटपणा लोकांना दिसतो तो बहुतेक तिथेच, आणि हे पाच मिनिटांत होतं. दुसऱ्या आठवड्यात तिची खाज उतरली, फोड बसायला महिना लागला. मंगळवारचा डबाही पुढे आपोआप सुटला.

तुझ्या फोडांत पू नसेल आणि ते दुखत नसतील, तर याच वारांनी सुरू कर. पू, वेदना, पसरत जाणारी लाली, मानेला गाठ किंवा एखाद्या जागी केस विरळ, यातलं काही असेल तर आधी डॉक्टर. खाज कानामागे, कपाळाच्या कडेला, पापण्यांवर असेल आणि फवारल्यावर एक-दोन दिवसांत वाढत असेल, तर ती सुगंधाची ॲलर्जी असू शकते. तिथे हळूहळू कमी करणं चालत नाही, डबा त्याच दिवशी बंद. आणि रागावू नकोस, पण कानामागे आणि मानेवरच जास्त खाजत असेल तर एकदा बारीक फणी फिरवून घे. ऑफिसला जाणाऱ्या मुलींच्या डोक्यातही उवा निघतात, मी दर महिन्याला बघते.