तंबाखू सोडून महिना झाला, रिपोर्ट तसाच!

«नवरा दिवसाला दोन पुड्या तंबाखू खायचा. सोडून महिना झाला, तरी शुक्राणूंचा रिपोर्ट जसाच्या तसा. मी फक्त मशेरी लावते. आता काय करायचं?» (सांगली)

ताई, आमचंही इथंच चुकलं होतं. महिन्यात तपासणी केली, आकडे हलले नाहीत, आणि "तंबाखूचा संबंध नव्हताच" म्हणत पुडी परत खिशात आली. मी डॉक्टर नाही, पण हे नीट समजून घ्या.

शुक्राणू एका दिवसात तयार होत नाही. त्याला साधारण 74 दिवस लागतात, पुढं पिकून बाहेर यायला आणखी दोनेक आठवडे. समजा, 1 जूनला तंबाखू सोडली आणि 1 जुलैला तपासणी केली. त्या नमुन्यातले शुक्राणू एप्रिलच्या सुरुवातीला घडायला लागलेले असतात, म्हणजे बराच काळ तंबाखूतच वाढलेले. तंबाखूमुळं त्यांची संख्या आणि हालचाल कमी होते, आतल्या डीएनएलाही इजा होते. तंबाखूविना घडलेले शुक्राणू बघायचे तर ऑगस्टअखेर उजाडतो. म्हणून तीन महिने पूर्ण झाल्यावरच तपासा. मधे जोराचा ताप येऊन गेला असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, तापानंही आकडे काही आठवडे खाली जातात.

नमुना देताना 2 ते 7 दिवसांचा संयम हवा, आणि दोन्ही वेळेला दिवस सारखेच ठेवा. आम्ही गेलो त्या लॅबनं हे विचारलंसुद्धा नाही. घरून दोन तासांनी आलेली डबी तशीच घेतली आणि हालचाल कमी म्हणून शिक्का मारला. नमुना उशिरा तपासला की हालचाल आपोआप कमी दिसते, तो तासाभरात तपासायला हवा. एवढ्यावरून आमचे किती महिने वाया गेले! खरं तर एका रिपोर्टवर निकाल लावूच नये, दोन तरी हवेत.

आता तुमची मशेरी. "फक्त मशेरी" म्हणू नका. ती भाजलेली तंबाखूच, निकोटीन हिरड्यांतून थेट रक्तात जातं. स्त्रियांवरचे बहुतेक अभ्यास सिगारेटवर झालेत, हे खरं. त्यात दिसतं ते असं, की दिवस राहायला जास्त महिने लागतात आणि पाळी एक ते चार वर्षं लवकर जाते. बीजं जन्मतःच मोजकी असतात, गेलेली परत येत नाहीत. त्यामुळं नवऱ्यासारखी तीन महिन्यांत भरपाई होईल, या भरवशावर राहू नका. माझं मत विचाराल तर मशेरी आजच बंद करा, सासूबाई काही म्हणोत. दिवस राहिल्यावर सोडू म्हणणाऱ्या बायका दोनतीन आठवडे तरी नकळत लावतच राहतात.

पाळी 32 दिवसांची असेल तर बीज अठराव्या दिवसाच्या आसपास सुटतं, चौदाव्या नव्हे. त्याआधीचे पाच दिवस जास्त महत्त्वाचे. वय 35 च्या पुढं असेल तर सहा महिन्यांत, त्याच्या आत असेल तर वर्षभरात दिवस राहिले नाहीत, की दोघांनी मिळूनच डॉक्टरांकडं जा. सोडायला जड जात असेल तर 1800-11-2356 हा सरकारी फोन मोफत आहे.